व्हिएतनामी माणूस आधी तुमचं वय का विचारतो?

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि आपल्याकडच्या सहलींच्या गप्पांत थायलंडच्या जोडीला दानांग आणि हनोई ही नावं येऊ लागली. माझ्या ओळखीतलं एक जोडपं नुकतंच जाऊन आलं. दोघंही बत्तीस वर्षांचे. हॉटेलात वेटरला बोलावताना तिथली माणसं 'एम अय!' अशी हाक मारतात, हे पहिल्या दिवशीच त्यांच्या कानावर पडलं. 'एक्स्क्यूज मी'सारखंच काहीतरी असणार, असं समजून त्यांनी ते उचललं. तिसऱ्या दिवशी ते फुटपाथवर नूडल विकणाऱ्या एका म्हातारीच्या गाडीवर बसले. नवऱ्याने नेहमीच्या झोकात हाक मारली, "एम अय!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. म्हातारी हसली, आणि तिने जे उत्तर दिलं त्यात 'बा' आणि 'कॉन' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते.

मी काही वर्षं व्हिएतनामी शिकतो आहे, म्हणून परतल्यावर त्याने मला विचारलं की त्यात एवढं काय होतं. मी म्हटलं, "विशेष काही नाही. तू पासष्टीच्या आजीला 'ए धाकटे' अशी हाक मारलीस. आणि तिने न रागावता तुला सांगितलं की मी आजी आहे, तू लेकरू."

हा लेख त्या एका हाकेबद्दल आहे.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द. व्हिएतनामी ही सुरांची भाषा आहे. एकच अक्षर वरच्या, खालच्या किंवा तुटक सुरात म्हटलं की अर्थ बदलतो, आणि देवनागरीत ते सूर दाखवता येत नाहीत. त्यामुळे इथले उच्चार अंदाजाचे आहेत. 'आन'मधला न 'चंचल'मधल्या अनुस्वारासारखा, टाळूला जीभ लावून म्हणायचा.

## 'आन', 'ची', 'एम' म्हणजे नेमकं काय?

'आन' म्हणजे थोरला भाऊ, 'ची' म्हणजे थोरली बहीण आणि 'एम' म्हणजे धाकटं भावंड, मग ते भाऊ असो की बहीण. हे झाले शब्दकोशातले अर्थ. पण प्रवाशांच्या पुस्तकात 'आन म्हणजे तुम्ही (पुरुष), ची म्हणजे तुम्ही (स्त्री)' असं लिहिलेलं असतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हे समजायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. घरातली आजी नातवाला मांडीवर घेऊन म्हणते, "सोनूला आजी गोष्ट सांगणार, मग सोनू झोपणार." समोर दोनच माणसं आहेत. वाक्यात 'मी' नाही, 'तू' नाही. आजी म्हणजे बोलणारी आणि सोनू म्हणजे ऐकणारा, हे सोनूलाही कळतं. दुकानदार "ताई काय घेणार?" म्हणतो, ऑफिसातला शिपाई "साहेब चहा घेणार का?" विचारतो, तेव्हाही हेच घडतं. समोरच्याला 'तुम्ही' न म्हणता त्याचं पद किंवा नातं थेट वाक्यात बसवलं जातं.

आपल्याकडे हा प्रकार लाडात, नाहीतर अदबीत, अधूनमधून घडतो. व्हिएतनामीत तो बोलण्याचा मुख्य रस्ताच आहे. तिथे बँकेत, बाजारात, प्रेमात आणि फोनवर माणसं आयुष्यभर त्या आजीसारखी बोलतात.

आपलं "दादा, जरा सरकता का?" पाहा. यातला 'दादा' फक्त हाकेपुरता आहे. हाक मारून झाली की दादा बाजूला होतो आणि पुढचं सगळं 'तुम्ही' आणि 'मी' यांच्यावर चालतं. व्हिएतनामीतला दादा वाक्याच्या आत शिरतो, कर्ता होतो, कर्म होतो आणि संभाषण संपेपर्यंत तिथून हलत नाही.

## शब्द एकटा येत नाही, जोडीने येतो

व्हिएतनामीत या सगळ्या व्यवहाराला 'सुंग हो' म्हणतात. त्यातला 'सुंग' म्हणजे स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते, आणि 'हो' म्हणजे समोरच्याला काय म्हणायचं ते. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या ठरवता येत नाहीत. मी तुम्हाला 'आन' म्हटलं, की त्याच क्षणी मी 'एम' झालो. तुम्हाला आजीच्या अर्थाने 'बा' म्हटलं, तर मी आपोआप नातवंड, म्हणजे 'चाउ' झालो. दक्षिणेकडे याच जागी 'कॉन', म्हणजे लेकरू, वापरतात.

हे तराजूसारखं आहे. एक पारडं वर गेलं की एरवी दुसरं खाली येतंच.

यातून एक गंमत होते. तोच शब्द कधी 'मी' होतो, कधी 'तू'. याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण प्रेमाच्या कबुलीचं आहे. 'ईउ' म्हणजे प्रेम करणं. मुलगा मुलीला म्हणतो, "आन ईउ एम." मुलगी मुलाला म्हणते, "एम ईउ आन." दोन्हींचा अर्थ एकच, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. क्रियापद जराही बदललेलं नाही, कारण व्हिएतनामी क्रियापदाला पुरुष, लिंग, वचन यांतलं काहीच चिकटत नाही. आपल्याकडे 'करतो' किंवा 'करते' यावरून निदान बोलणारा पुरुष की बाई हे कळतं. तिथे ते ओझंही याच दोन शब्दांवर. पहिला शब्द बोलणाऱ्याचा, शेवटचा ऐकणाऱ्याचा. शब्दशः भाषांतर केलं तर 'थोरला भाऊ धाकटीवर प्रेम करतो' असं काहीतरी भलतंच होऊन बसेल.

## मग कोणता शब्द, हे ठरवतात कसं?

अनोळखी माणूस समोर आला की डोक्यात एक झटपट हिशेब होतो. पहिला प्रश्न पिढीचा. हा माणूस माझ्या बरोबरीचा, आईवडलांच्या पिढीतला की आजीआजोबांच्या? बरोबरीचा असेल तर पुढचा प्रश्न: माझ्याहून मोठा की लहान? मोठा पुरुष 'आन', मोठी बाई 'ची', लहान कोणीही 'एम'.

आईवडलांच्या पिढीतला असेल तर हिशेब जरा मजेशीर होतो, कारण आता तुलना माझ्या वयाशी नसते, माझ्या वडलांच्या वयाशी असते. वडलांचा धाकटा भाऊ 'चू', धाकटी बहीण 'को', आणि वडलांहून मोठं भावंड 'बाक'. म्हणजे हनोईच्या रस्त्यावर पन्नाशीतला रिक्षावाला दिसला, तर तरुणाने मनात विचारायचं की हा माझ्या बाबांहून लहान वाटतो की मोठा? लहान वाटला तर 'चू', मोठा वाटला तर 'बाक'. शंका आली तर मोठंच धरायचं, निदान पुरुषांच्या बाबतीत. आजोबांच्या वयाचा 'ओंग', आजीच्या वयाची 'बा'.

आता लेखाच्या शीर्षकातला प्रश्न. व्हिएतनामी माणूस ओळख होताच वय विचारतो, बहुतेकदा जन्माचं सालच विचारतो. परदेशी माणसाला ती चोंबडेगिरी वाटते. पण वय कळल्याशिवाय त्याला पुढचं वाक्य नीट तयारच करता येत नाही. तुम्ही 'आन' की 'एम' हे ठरलं नाही, तर 'तुम्ही चहा घेणार का' एवढं विचारतानाही त्याची जीभ अडखळते. आपल्याकडे नवी ओळख झाली की 'अहो' म्हणू की 'अरे' म्हणू अशी घालमेल होते ना, तसंच. फक्त आपल्याला कर्मणी प्रयोगाची पळवाट असते, 'चहा घेतला जाईल का' म्हणून वेळ मारून नेता येते.

## एक बाई, एक दिवस, आठ 'मी'

कल्पना करा, हनोईत राहणारी चौतीस वर्षांची लान नावाची एक बाई आहे. सकाळी आईचा फोन येतो. आईशी बोलताना लान स्वतःला 'कॉन' म्हणते, लेक. आई म्हणजे 'मे'. फोन ठेवून ती नवऱ्याला डबा देते, तिथे ती 'एम' आणि तो 'आन'. मुलाला शाळेसाठी उठवताना ती स्वतःच 'मे' होते आणि मुलगा 'कॉन'. पाच मिनिटांपूर्वी जो शब्द 'मी' होता तो आता 'तू' झाला, आणि जो 'तू' होता तो 'मी'.

बाजारात भाजीवाली तिच्या आईहून मोठी, म्हणून ती 'बाक' आणि लान 'चाउ'. ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीसमोर ती 'ची'. दुपारी बाहेरच्या लोकांसमोर औपचारिक सादरीकरण असतं, तिथे ती 'तोय' वापरते. या शब्दाबद्दल पुढे बोलूच. शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला की दोघी 'ताव' आणि 'मय'वर येतात. हे आपल्या 'ए'च्याही खालचे, अगदी लंगोटीयार असल्याशिवाय न चालणारे शब्द. आणि संध्याकाळी जिन्यात शेजाऱ्यांचं सहा वर्षांचं पोर भेटलं की त्याच्यासमोर ती 'को', म्हणजे आत्या.

मोजलं तर आठ झाले: कॉन, एम, मे, चाउ, ची, तोय, ताव, को. एका दिवसात एकाच बाईने स्वतःसाठी वापरलेले हे आठ शब्द. मराठीत हे सगळं एका 'मी'वर भागतं. मला यात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. समोरच्याला काय म्हणावं याच्या तऱ्हा आपल्याकडेही भरपूर आहेत, पण आपला 'मी' राजासमोर आणि भाजीवालीसमोर तोच राहतो. लानचा राहत नाही.

## "वय एवढं महत्त्वाचं, तर नात्यातला लहान काका?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर असं की खऱ्या नात्यात वय हरतं. तिथे चालते ती 'वाय'. या शब्दाचा मूळ अर्थ खांदा, आणि त्यावरून कुटुंबातली पायरी. व्हिएतनामीत म्हणच आहे की कंदाएवढं चिमुकलं असलं तरी 'वाय' पाहूनच हाक मारा. वडलांच्या थोरल्या भावाचं मूल तुमच्याहून दहा वर्षांनी लहान असलं तरी ते 'आन' किंवा 'ची', कारण त्यांची शाखा थोरली. म्हणून एखाद्या लग्नात चाळिशीचा माणूस पंचविशीच्या पोराला 'आन' म्हणून चहा विचारताना दिसतो.

आपल्या जावांचं गणित आठवा. थोरली कोण आणि धाकटी कोण, हे त्यांच्या स्वतःच्या वयावर नाही, नवऱ्यांच्या क्रमावर ठरतं, आणि मग वयाने मोठी असलेली धाकटी जाऊ मनातल्या मनात चरफडते. तिकडेही थोरल्या भावाची बायको 'ची'च, मग ती कितीही लहान असो.

मुलांच्या तोंडून नातं लावण्याची सवयही दोन्हीकडे सारखी आहे. आपल्याकडे बाई आपल्या सख्ख्या भावाबद्दल पोराला म्हणते, "मामा आला बघ." सासूला मुलांच्या वतीने 'आजी' म्हणते. लानही मुलासमोर धाकट्या भावाला थेट 'कौ', म्हणजे मामा, म्हणेल. मूल झालं की घरातली सगळी नाती एका पायरीने सरकतात, आणि बोलण्यातले शब्दही त्यांच्यासोबत सरकतात.

## "सगळ्यांसाठी चालेल असा साधा 'मी' नाहीच का?"

आहे. 'तोय'. परदेशी विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात हा शिकवतात, आणि माझ्या मते तिथेच त्याचं नुकसान करतात. भाषणात, अर्जात, कोर्टात, बातम्यांत 'तोय' शोभतो. तो कुणाच्या वर नाही, कुणाच्या खाली नाही. पण शेजारणीशी 'तोय' म्हणून बोललात तर ती विचारात पडेल की आपलं काय चुकलं. समपातळीचा शब्द म्हणजे नातं नसल्याचा शब्द, असं तिथे कानाला ऐकू येतं.

गंमत अशी की मुळात हा शब्द समपातळीचा नव्हताच. 'तोय' म्हणजे चाकर, प्रजा. राजा आणि प्रजा या जोडीसाठी जो जुना शब्द आहे, त्यात आजही 'तोय' याच अर्थाने उभा आहे. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी 'आपला नम्र सेवक' लिहीत, तसा नम्रपणा दाखवता दाखवता झिजून तो नुसता 'मी' उरला.

याच 'तोय'चा वापर नवरा-बायकोच्या भांडणात पाहावा. रोज 'एम' म्हणणारी बायको एके दिवशी एकदम 'तोय' म्हणाली, की नवऱ्याला आवाज चढण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे 'अरे' म्हणणारी बायको गोड आवाजात "तुम्हाला काय हवं ते तुम्ही करा" म्हणते, तेव्हा जसा पोटात गोळा येतो, तसं.

## "मग हे मराठीतल्या तू-तुम्ही-आपण सारखंच झालं की"

पुष्कळसं सारखं आहे. पण एक फरक मोठा आहे, आणि तो दाखवायला मी एक प्रसंग सांगतो. व्हिएतनामी मुलं तो शाळेत शिकतात.

न्गो तत तो या लेखकाची 'तत देन' नावाची कादंबरी १९३० च्या दशकातली. काळ फ्रेंच राजवटीचा. खेड्यातल्या गरिबांकडून डोईपट्टी वसूल केली जाते आहे. नायिका 'ची जौ' हिने कर भरण्यासाठी पोटची पोर विकली आहे, तरी भागत नाही, कारण मेलेल्या दिराचाही कर मागितला जातो. मारहाणीने अर्धमेला झालेला नवरा नुकताच शुद्धीवर आला आहे, आणि वसुलीवाला शिपाई दोर घेऊन दारात उभा राहतो.

शिपाई पहिल्यापासून तिला 'मय' म्हणतो आहे, म्हणजे सरळ तुच्छतेने. ती काय करते? ती त्याला 'ओंग' म्हणते, आजोबा, आणि स्वतःला 'चाउ', नातवंड. गयावया करून सांगते की माझा नवरा आत्ता कुठे शुद्धीवर आलाय, त्याला सोडा. तो ऐकत नाही, तिच्या छातीवर गुद्दे मारतो आणि नवऱ्याकडे सरसावतो. इथे तिचं वाक्य बदलतं. 'ओंग' तसाच राहतो, पण 'चाउ' जाऊन 'तोय' येतो: माझा नवरा आजारी आहे, त्याचे हाल करायचा तुम्हाला अधिकार नाही. त्याला तिने खाली ओढलेलं नाही. फक्त स्वतः नातवंडाच्या जागेवरून उठून ती सरळ उभी राहिली आहे.

मग तो तिच्या थोबाडीत मारतो. ती दात-ओठ खाते आणि म्हणते की बांध माझ्या नवऱ्याला, मग दाखवते तुला. पण व्हिएतनामीत या वाक्यातला 'तू' आहे 'मय', आणि 'मी' आहे 'बा'. आजी! काही क्षणांपूर्वी जी नातवंड होती ती आता आजी झाली, आणि जो आजोबा होता तो कवडीमोल पोर. यानंतर ती त्याची मान धरून त्याला दाराबाहेर ढकलते, पण वाचकाच्या दृष्टीने ढकलाढकल आधीच होऊन गेलेली असते.

आता मराठीत पाहा. भांडण वाढलं की आपण म्हणतो, 'तो एकेरीवर आला'. म्हणजे समोरच्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं. पण आपला 'मी' होता तिथेच राहिला. मराठीत एकच पारडं हलतं, समोरच्याचं. ची जौच्या भाषेत दोन्ही हलतात, आणि वेगवेगळेही हलू शकतात. मधली ती 'तोय–ओंग'ची पायरी मराठीत आणायची कशी, हे मला अजून सुटलेलं नाही. सूर बदलता येईल, आर्जवाचा 'हो' गाळता येईल, पण 'मी' दुसरा कुठून आणायचा?

अजून एक बारकावा. कथा सांगणारा लेखकही नायिकेला 'ची' म्हणतो, थोरली बहीण, आणि शिपायासाठी जो 'तो' वापरतो त्यात तिरस्कार आहे. लेखक कुणाच्या बाजूचा, हे पहिल्याच ओळीत सर्वनामाने सांगून टाकलं.

## "क्रांतीने हे सगळं मोडून एकच शब्द का नाही काढला?"

प्रयत्न झाले. फ्रेंच काळात शिकलेल्या शहरी मंडळींनी फ्रेंचमधून 'म्वा' आणि 'त्वा', म्हणजे मी आणि तू, उचलले. वयाची आणि पायरीची भानगड नको, हाच त्यातला फायदा. ते एका वर्गापुरते राहिले आणि विरले. साम्यवाद्यांनी 'दोंग ची' आणला, म्हणजे कॉम्रेड. हा शब्द टिकला, पण पक्षाच्या बैठकीत आणि सैन्यात. बैठक संपून चहा आला की पुन्हा 'आन' आणि 'ची'.

खुद्द हो ची मिन्ह यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचताना ते मध्येच थांबले आणि गर्दीला विचारलं की मी बोलतोय ते तुम्हाला नीट ऐकू येतंय ना? त्या वाक्यात त्यांनी स्वतःसाठी 'तोय' वापरला. राजाने प्रजेला जे म्हटलं असतं ते नाही. आणि गर्दीसाठी शब्द होता 'दोंग बाव', एकाच गर्भातून जन्मलेले. व्हिएतनामी दंतकथेत एका आदिमातेच्या शंभर अंड्यांतून सगळे लोक जन्मले, त्याचा हा धागा. म्हणजे 'मी' समपातळीचा ठेवला, तरी 'तुम्ही'ला नातं लागलंच. पुढे देशाने त्यांना 'बाक हो' केलं. 'बाक' म्हणजे वडलांचा थोरला भाऊ, जिथे तुमचे वडीलही मान खाली घालतात ती जागा.

## "बायको कायम धाकटी, हे बरोबर आहे का?"

प्रेमिकांच्या जोडीत पुरुष 'आन' आणि बाई 'एम' हा रिवाज इतका पक्का आहे की बाई वयाने मोठी असली तरी पुष्कळदा तो बदलत नाही. कॉलेजात ती 'ची' होती आणि तो 'एम'. प्रेम जुळल्यावर शब्दांची अदलाबदल होते, आणि तिने पहिल्यांदा स्वतःला 'एम' म्हटलं, की तोच तिचा होकार समजतात. गोड वाटतं खरं. पण सगळ्या जगाशी वयाने चालणारा हिशेब नेमका इथेच वय सोडून लिंगावर का जातो, हा प्रश्न तिथल्या मुलींनाही पडतो. मला त्यांचं म्हणणं पटतं.

त्यावर नेहमीचा युक्तिवाद असा असतो की हे शब्द आता घासून गुळगुळीत झालेत, 'आन' म्हणताना भाऊ कोणाच्या मनात येतो? हे अर्धं खरं. आपणही कंडक्टरला 'दादा' म्हणताना राखी बांधत नाही. पण जोडीतली वरची पायरी आणि खालची पायरी काही पुसली गेलेली नाही. ती पुसली गेली असती तर पासष्टीच्या बाईला 'एम' म्हटल्यावर शेजारचं टेबल वळून बघितलं नसतं.

काही जोडपी 'मिन' हा शब्द वापरून यातून सुटतात. त्याचा अर्थ शरीर, स्वतः. तो 'मी' होतो, 'तू' होतो आणि 'आपण दोघं'ही होतो, जवळजवळ आपल्या 'आपण'सारखा.

'आपण'वरून आठवलं. व्हिएतनामीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत, ऐकणारा सोडून आणि ऐकणारा धरून. इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं खाजवतात. मराठी माणसाला ते एका मिनिटात कळतं, आणि वर्गात तेवढाच एक दिवस मान ताठ करून बसता येतं.

## चुकतं कुठे आणि ओळखायचं कसं

आपल्याकडून होणाऱ्या चुका साधारण तीन तऱ्हेच्या असतात. पहिली त्या जोडप्याची, ऐकलेला 'एम' सगळ्यांना वाटणं. वेटर पोरसवदा असेल तर तो ठीक आहे, कारण हाक मारणारे त्याच्याहून मोठे असतात. त्यातला 'अय' म्हणजे आपला 'अहो' किंवा 'अगं', तो कुणालाही लागतो: 'ची अय', 'चू अय', 'बा अय'. दुसरी चूक उलटी, मान द्यायच्या भरात पंचेचाळिशीच्या बाईला 'बा' म्हणणं. 'काकू' ऐकल्यावर आपल्याकडच्या एखाद्या ताईंचा चेहरा जसा होतो, तसाच तिथेही होतो. बाईच्या बाबतीत शंका असेल तर 'ची' म्हणावं, अगदीच आईच्या वयाची वाटली तर 'को'.

तिसरी चूक म्हणजे नातं टाळून बोलणं. पुस्तकात नमस्कारासाठी 'सिन चाव' दिलेलं असतं. ते चूक नाही, पण त्यात समोरचा माणूसच नाही. तिथली माणसं आपापसात 'चाव आन', 'चाव ची', 'चाव बाक' म्हणतात, नमस्काराला नातं जोडून.

शब्द चुकला तर सहसा कोणी टोकत नाही. दुरुस्ती उत्तरातच येते, म्हणून कान तिथे लावायचा. समोरची बाई स्वतःला 'ची' म्हणाली, तर तुम्ही 'एम' आहात, पुढच्या वाक्यापासून तेच वापरा. नूडलवाल्या आजीने हेच केलं होतं. तिने 'बा' आणि 'कॉन' हे दोन शब्द टेबलावर ठेवले, फक्त पाहुण्यांना ते उचलता आले नाहीत.

स्थानिक माणसांचंही चुकतं. दोघं समवयस्क दिसतात, दोघंही अदबीने एकमेकांना 'आन' म्हणत राहतात, आणि अर्ध्या तासाने कुणीतरी जन्मसाल विचारतो. एक निघतो अठ्ठ्याऐंशीचा, दुसरा नव्वदचा. मग नव्वदवाला हसत पहिल्याचा ग्लास भरतो आणि पुढच्या वाक्यात स्वतःला 'एम' म्हणून मोकळा होतो.